डबा राहिला, डबा ठेवला : एका बोलक्या रोजनिशीचं प्रकरण

माझा मावसभाऊ कोथरूडला राहतो आणि हिंजवडीत नोकरी करतो. चांदणी चौकातून महामार्गाला लागायचं, बावधन, सुतारवाडी, बाणेर, बालेवाडी मागे टाकत वाकडला उतरायचं आणि भूमकर चौकातून आत शिरायचं. अंतर साधारण 18 किलोमीटर, पण वेळेचं काही सांगता येत नाही. कधी पन्नास मिनिटं लागतात, तर पाऊस असला की दीड तास. डिसेंबरात काका गेले आणि मावशी वाईचं घर बंद करून त्याच्याकडे राहायला आली. जूनपासून दादाने गाडीत रोजनिशी बोलायला सुरुवात केली. लिहायला वेळ नाही आणि गाडीत एकटाच असतो, एवढाच त्यामागचा विचार होता.

सप्टेंबरच्या शेवटी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. त्यात 63 फायली होत्या. "अगं, हे मीच बोललोय, पण वाचवत नाही," तो म्हणाला. "आणि जे नीट करून लिहिलंय, ते मी बोललेलोच नाही असं वाटतं."

मी गेली चौदा वर्षं शब्दांकनाची कामं करते. माणसं बोलतात आणि मी त्यांचं पुस्तक लिहून काढते. त्यामुळे त्याच्या तक्रारीचा दुसरा भाग मला लगेच कळला. पहिला भाग मात्र मला नवा होता, कारण माझ्या कामात मी स्वतः ऐकून उतरवते. यंत्राने उतरवलेलं मराठी एवढ्या प्रमाणात मी पहिल्यांदाच पाहत होते. आम्ही त्या 63 मधली एकच नोंद घेतली, मंगळवार, 3 सप्टेंबर 2024 ची, आणि ती शेवटपर्यंत नेली. पुढे जे सांगते आहे ते त्या एका नोंदीचं आहे.

आधी काय बिघडलं होतं

पहिले तीन आठवडे दादा फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून थेट बोलत होता. गुगलने ऑगस्ट 2017 मध्ये ही सोय मराठीसह आठ भारतीय भाषांसाठी आणली आणि एखाददुसऱ्या निरोपासाठी ती खरंच चांगली चालते. पण ती शांतता सहन करत नाही. आपण काही क्षण थांबलो की ती ऐकणं बंद करते आणि पुन्हा बटण दाबावं लागतं. गाडी चालवताना ते शक्य नसतं, आणि करूही नये. गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. म्हणून माइक बंद पडू नये यासाठी दादा न थांबता बोलत राहिला. त्या तीन आठवड्यांच्या नोंदी वाचल्या की त्या रोजनिशीऐवजी क्रिकेटच्या धावत्या समालोचनासारख्या वाटतात. समोर कुठली बस आहे, सिग्नल किती सेकंदांचा आहे, ऑफिसात कोण काय म्हणालं, सगळं एका दमात. विचार करायला जी थांबण्याची जागा लागते, तीच त्या साधनाने काढून घेतली होती.

मग त्याने पद्धत बदलली. वाटेत फक्त आवाज मुद्रित करायचा आणि घरी आल्यावर तो मजकुरात उतरवायचा. उतरवण्यासाठी तो व्हिस्पर नावाचं, बोलणं ऐकून मजकूर करणारं सॉफ्टवेअर वापरतो. ते लॅपटॉपवरच चालतं, त्यामुळे आवाज बाहेर कुठे जात नाही. घरातल्या माणसांबद्दल आणि ऑफिसातल्या वरिष्ठांबद्दल बोलताना त्याला हे महत्त्वाचं वाटलं आणि मलाही ते पटलं.

पण आता वेगळीच अडचण आली. तो गाडीच्या ब्लूटूथवरून मुद्रण करत होता. हँड्सफ्री जोडणीत आवाज फोनवरच्या संभाषणासारखा दाबून पाठवला जातो. जुन्या गाड्यांत तर तो सेकंदाला फक्त 8,000 नमुने घेऊन पाठवला जातो, म्हणजे 4,000 हर्ट्झच्या वरचं काही उरतच नाही. 'स', 'श', 'फ' यांची ओळख पटवणारी फुसफुस बरीचशी त्याच्या वरच असते. आपल्या कानाला संदर्भाने कळतं, यंत्राला कळत नाही. दादाने ब्लूटूथ बंद केलं, फोन होल्डरमध्ये ठेवून त्याला वायरचे इयरफोन जोडले आणि त्यांचा माइक शर्टाच्या वरच्या बटणापाशी अडकवला. कानात काही घालायचं नाही. काचा वर आणि एसीचा पंखा एकवर. एवढ्याने निम्म्याहून जास्त चुका गेल्या. दुसऱ्या कुठल्याही एका बदलाने इतका फरक पडला नाही.

उतरवताना तो ही आज्ञा देतो:

```
whisper 2024-09-03.m4a --language mr --model medium --output_format srt
```

यातलं `--language mr` विसरायचं नाही. भाषा सांगितली नाही तर पहिल्या तीस सेकंदांवरून ती ओळखली जाते. दादाची पहिली तीस सेकंदं 'मीटिंग', 'रिलीज', 'रिव्ह्यू' यांनी भरलेली असतात आणि एकदा त्याची अख्खी नोंद हिंदी समजून उतरली होती. `srt` मागितलं की प्रत्येक ओळीबरोबर ती किती मिनिटांनी आणि किती सेकंदांनी बोलली गेली हेही मिळतं. पुढे आमचं सगळं काम त्या वेळांवरच उभं राहिलं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती न कळल्यास माणूस घाबरतो. जिथे बराच वेळ कोणी बोलत नाही आणि नुसता गाडीचा आवाज असतो, तिथे हे यंत्र कधीकधी वाक्य रचून टाकतं. एका नोंदीत एकच वाक्य सलग अकरा वेळा आलं होतं आणि दादा ते एकदाही बोलला नव्हता. ओळखायची खूण सोपी आहे. मजकुरात ओळ दिसते, पण त्या वेळेवर जाऊन ऐकलं तर फक्त इंजिन ऐकू येतं.

3 सप्टेंबरची नोंद

शनिवारी गणपती बसणार होते, त्यामुळे रस्त्यावर मांडवांची आणि गर्दीची भर पडली होती. मुद्रण 13 मिनिटं 50 सेकंदांचं आहे. त्यातली पहिली साडेनऊ मिनिटं चालत्या गाडीतली आणि उरलेली ऑफिसच्या पार्किंगमधली, इंजिन बंद करून बोललेली. उतरलेल्या मजकुराचा मधला भाग जसा होता तसा देते:

> रिव्ह्यू पुढे ढकलला म्हणजे परत तेच गणपतीच्या आधी होणार नाही हे मी सांगितलं नाही सोमवारी पण ऐकून कोण घेतंय आणि डबा राहिला घरी असो तर मुद्दा असा की टेस्टिंगला दोन दिवस हवेत दोन दिवस म्हणजे खरं तीन बाहेरला आलो इथे गर्दी आहे डबा राहिला त्यामुळे कॅन्टीन आता ती विचारणार संध्याकाळी विचारणार नाही ती काहीच विचारत नाही राहिला नाही ठेवला मी टेबलावर ठेवला मी नको म्हणून सांगितलं नाही रोज सांगतो

दादाने हे माझ्याकडे येण्याच्या आदल्या रविवारी बसून 'नीट' केलं होतं. त्याची प्रत अशी होती:

> आज रिव्ह्यू पुढे ढकलण्यात आला. गणपतीपूर्वी काम पूर्ण होणार नाही, हे मी सोमवारी सांगितले नव्हते. टेस्टिंगसाठी तीन दिवस आवश्यक आहेत. डबा घरी राहिल्यामुळे कॅन्टीनमध्ये जेवावे लागले.

व्याकरणाच्या दृष्टीने यात काही खोट काढता येणार नाही. तरी चार वाक्यांत किती गोष्टी उलट्या झाल्या ते पाहा. सोमवारी त्याने सांगितलं होतं, इथे तो सांगितलं नव्हतं म्हणतो. तो सकाळी पावणेनऊला बोलत होता, दुपार अजून व्हायची होती, तरी कॅन्टीनमधलं जेवण भूतकाळात गेलं. 'सांगितलं'चं 'सांगितले' झालं, 'हवेत'चं 'आवश्यक आहेत' झालं आणि माझा भाऊ एकदम सरकारी पत्रातून बोलू लागला. आणि डबा एका कारणापुरता उरला.

मी त्याला म्हटलं, "दादा, मजकूर बंद कर. आधी ऐकू या."

सहा 'नाही'

आम्ही 5 मिनिटं 40 सेकंदांपासून ऐकायला सुरुवात केली. मी कागदावर फक्त 'नाही' मोजत होते. या उताऱ्यात ते सहा वेळा आलं आहे. ऐकल्यावर कळलं की त्यातले खरे नकार दोनच आहेत : 'होणार नाही' आणि 'काहीच विचारत नाही'.

दोन ठिकाणी दादा 'नाही' म्हणालाच नव्हता. तो 'ना' म्हणाला होता. "हे मी सांगितलं ना सोमवारी." "नको म्हणून सांगितलं ना." मराठी बोलण्यात वाक्याच्या शेवटी येणारा हा 'ना' नकाराचा नसतो, उलट तो होकार पक्का करतो. पण गाडीच्या आवाजात तो किंचित लांबला की यंत्र त्याचं 'नाही' करतं आणि वाक्याचा अर्थ बरोबर उलटा होतो. मला हा सगळ्यांत धोक्याचा बिघाड वाटतो, कारण तो चूक म्हणून दिसतच नाही. 'बाणेरला'चं 'बाहेरला' झालं की वाचणारा अडखळतो आणि दुरुस्त करतो. 'सांगितलं नाही' हे मात्र निर्दोष मराठी आहे. वाचणारा पुढे जातो, आणि महिन्याभराने आपण खरंच सांगितलं नव्हतं असं त्याला स्वतःलाच वाटू लागतं. म्हणून आता आमचा पहिला नियम असा आहे की मजकुरातला प्रत्येक 'नाही' शोधून त्या वेळेवर जाऊन ऐकायचा. दहा मिनिटांच्या नोंदीत असे वीस-पंचवीस सापडतात. पाच-सात मिनिटांचं काम आहे आणि ते टाळून चालत नाही.

उरलेले दोन 'नाही' आणखी वेगळे होते. "संध्याकाळी विचारणार. नाही, ती काहीच विचारत नाही." इथे पहिला 'नाही' म्हणजे बोलणारा स्वतःलाच अडवतो आहे. लिहिताना आपण खोडतो, बोलताना खोडायला हाच शब्द असतो.

आणि शेवटचा. मजकुरात ते 'राहिला नाही ठेवला मी' असं चिकटून आलं होतं. मुद्रणात 7 मिनिटं 52 सेकंदांवर दादा म्हणतो, "राहिला..." आणि थांबतो. चौदा सेकंद काही नाही. मागून एक ट्रक जातो. मग तो हळू म्हणतो, "नाही. ठेवला. मी टेबलावर ठेवला."

लॅपटॉपसमोर बसलेला दादा ते ऐकून मागे सरकला. मीही काही बोलले नाही.

'डबा राहिला' या वाक्यात कोणी काही करत नाही. डबा आपोआप राहतो, जशी छत्री राहते, किल्ली राहते. 'डबा ठेवला' म्हटलं की ठेवणारा माणूस उभा राहतो. एका क्रियापदावरून दुसऱ्यावर यायला त्याला दोन मिनिटं आणि चौदा सेकंदांची शांतता लागली. ती शांतता उताऱ्यात नव्हती. नीट केलेल्या प्रतीत तर वाक्यच नव्हतं, कारण 'राहिला नाही ठेवला' हे यंत्राने काहीतरी चुकीचं उतरवलं असावं असं समजून दादाने ते काढून टाकलं होतं. 'डबा राहिला'ची दुसरी खेप पुनरुक्ती म्हणून गेली होती.

शब्दांकनात मी हे पूर्वी पाहिलेलं आहे, पण इतकं स्वच्छ कधी नाही. माणूस बोलताना ज्या गोष्टीकडे विनाकारण परत येतो, ती गोष्ट सहसा त्याला खरी बोलायची असते. साफसफाई करणारा हात मात्र आधी तीच उचलतो, कारण कागदावर पुनरुक्ती गबाळी दिसते. दादाच्या साडेनऊ मिनिटांतली सात मिनिटं रिव्ह्यूवर होती. शब्द मोजून पाहिले तर ती ऑफिसची नोंद ठरते. परत येण्याच्या जागा मोजल्या तर ती डब्याची नोंद आहे.

पार्किंगमधली चार मिनिटं

पार्किंगमधल्या भागात आवाज इतका स्वच्छ होता की उताऱ्यात जेमतेम तीन चुका होत्या. त्यातली एक मोठी होती. 'डब्यावर बाबांचं नाव घातलंय' याचं 'डब्यावर बाबांनी नाव घेतलंय' झालं होतं. भांड्यावर नाव घालणं यंत्राला माहीत नव्हतं.

मावशी रोज सकाळी जो डबा भरते, तो काकांचा आहे. तीन पुडांचा, स्टीलचा. काका शाळेत शिक्षक होते आणि तोच डबा घेऊन जात. दादा पार्किंगमध्ये म्हणतो की कॅन्टीनमध्ये चारचौघांत तो डबा उघडायला नको वाटतं. भाजी आवडत नाही असं आईला सांगितलं की ती दुसरी भाजी करते, मग दुसऱ्या दिवशी दुसरं कारण द्यावं लागतं. त्या सकाळी ती "भेंडी आहे" म्हणाली आणि तो म्हणाला, "मी नको म्हणून सांगितलं ना, रोज सांगतो." त्यावर ती काही बोलली नाही.

त्याच्या सगळ्या फायली चाळल्यावर एक गोष्ट लक्षात आली. चालत्या गाडीत तो घटना सांगतो, क्रमाने, बरीचशी वरवर. गाडी थांबल्यावरच त्याला कारणं सुचतात. हे उघड आहे, कारण चालत्या गाडीत अर्धं लक्ष रस्त्यावर असतं, आणि तिथे ते पूर्णच असलं पाहिजे. ऑगस्टमध्ये एकदा काकांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलता बोलता त्याची वाकडची वळणाची जागा चुकली आणि पुढच्या लेनमधून घाईने आत येताना मागच्या गाडीने जोरात ब्रेक मारला. मुद्रणात तो ब्रेक ऐकू येतो. मी त्याला ते पुन्हा ऐकवलं आणि तेव्हापासून ठरलं की वाटेत फक्त काय झालं ते बोलायचं, आणि मनाला लागलेलं जे असेल ते पार्किंगसाठी ठेवायचं. पाच मिनिटं लवकर निघायचं, बस.

मग वाटेत सुचलेलं पार्किंगमध्ये आठवणार कसं? त्यासाठी एक खुणेचा शब्द ठेवला. गोष्ट मनात आली की तो शब्द उच्चारायचा आणि पुढे जायचं. सुरुवातीला तो 'खूण' म्हणत असे, पण उताऱ्यात त्याचं दर वेळी 'खून' व्हायचं. आता तो 'पिंपळपान' म्हणतो. हा शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यात कधी येत नाही आणि ऐकण्यात चुकतही नाही. मजकुरात 'पिंपळपान' शोधलं की त्या जागा लगेच सापडतात.

लिहून काढणं

दुरुस्त उतारा तयार झाल्यावर मी त्याला तीन गोष्टी करायला सांगितल्या. श्वासाप्रमाणे वाक्यं तोडायची, म्हणजे जिथे तो बोलताना थांबला तिथेच पूर्णविराम. बोलीतली रूपं तशीच ठेवायची, 'सांगितलं', 'घेतंय', 'हवेत'. आणि जे काढायचं ते काढताना, ते आधी किती वेळा आलं आहे हे पाहायचं. 'म्हणजे', 'असो', 'तर मुद्दा असा की' हे बिनधास्त गेले तरी चालतात, ती बोलण्यातली टेकू देणारी लाकडं आहेत. एखादं नाम किंवा क्रियापद परत आलं असेल तर ते काढण्याआधी ऐकायचं.

यावर आमचा थोडा वाद झाला. दादाला रिव्ह्यूचा भाग पूर्ण काढून टाकायचा होता. "आता कळलं ना कशाबद्दल आहे, मग ते कशाला?" मला तो ठेवायचा होता, छोटा करून. त्या सकाळी तो रिव्ह्यूच्या आडोशाने डब्याकडे गेला होता आणि आडोसा काढला तर जाण्याची वाट दिसत नाही. शेवटी त्याने दोन ओळी ठेवल्या.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. ऐकताना त्याला नव्या गोष्टी सुचत होत्या. त्या नोंदीत घालायच्या का? घातल्या तर 3 सप्टेंबरच्या दादाला 29 सप्टेंबरचं शहाणपण येतं आणि रोजनिशी खोटी होते. न घातल्या तर ऐकण्याचा उपयोग काय? आम्ही असं केलं की त्या दिवशी बोललेलं वर राहील आणि ऐकताना सुचलेलं खाली, नव्या तारखेने. दोन्ही एकमेकांत मिसळायचं नाही. वरच्या भागात एकही नवी घटना किंवा नवी भावना येणार नाही, फक्त क्रम आणि वाक्यरचना बदलता येईल. त्याने लिहिलेली नोंद त्याच्या परवानगीने देते:

> मंगळवार, 3 सप्टेंबर. वाटेत आणि पार्किंगमध्ये.
>
> रिव्ह्यू परत पुढे ढकलला. गणपतीच्या आधी होणार नाही हे मी सांगितलं ना सोमवारी, पण ऐकून कोण घेतंय. टेस्टिंगला दोन दिवस हवेत. दोन म्हणजे खरं तीन.
>
> डबा राहिला घरी. बाणेरला आलो, इथे गर्दी आहे. डबा राहिला, त्यामुळे आता कॅन्टीन. ती संध्याकाळी विचारणार. नाही, ती काहीच विचारत नाही.
>
> राहिला. नाही. ठेवला. मी टेबलावर ठेवला.
>
> ती म्हणाली, भेंडी आहे. मी म्हणालो, नको म्हणून सांगितलं ना, रोज सांगतो. भेंडीचं काही नाही. डब्यावर बाबांचं नाव घातलंय. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर तो उघडायला नको वाटतं. हे तिला सांगायचं तर बाबांचा विषय काढावा लागेल, आणि सकाळी साडेसातला मला ते जमत नाही.
>
> रविवार, 29 सप्टेंबर. ऐकताना.
>
> मी थांबलो तेव्हा मागून ट्रक गेला. मला तो ट्रक आठवत नाही. थांबलोय हेही आठवत नाही.

मूळ उतारा सुमारे बाराशे शब्दांचा होता, ही नोंद सव्वाशेच्या आसपास आहे. 'जेवावे लागले' गेलं आणि दुपार पुन्हा पुढे राहिली. वाचल्यावर दादा म्हणाला, "हा मी आहे." मला त्याची दुसरी कुठली कसोटी माहीत नाही.

किती जमतं

या एका नोंदीला आम्हाला सव्वा तास लागला, आणि त्यातही मला या कामाची सवय आहे. आता दादा एकटा करतो तेव्हा दहा-बारा मिनिटांच्या मुद्रणाला पाऊण ते एक तास जातो. रोज एवढा वेळ कोणालाच मिळणार नाही. म्हणून तो रोज बोलतो, पण आठवड्यातून एकच नोंद लिहून काढतो. बाकीच्या फायलींना त्याच संध्याकाळी एका ओळीचं नाव देतो : तारीख आणि त्या दिवशीची एक वस्तू. '2024-10-08 डॉक्टरांची चिठ्ठी', '2024-10-11 बालेवाडीचा पाऊस'. भावनेचं नाव देऊ नको असं मी त्याला सांगितलं होतं, कारण 'उदास' नावाच्या सात फायली झाल्या की त्यातली कुठली कुठली ते कळत नाही.

जुन्या फायलींपैकी जून-जुलैच्या बऱ्याचशा आम्ही सोडून दिल्या. काही ठिकाणी उतारा इतका तुटका आहे की ऐकूनही 'ना' आहे की 'नाही' ते ठरवता येत नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी दादालाही आठवत नाही. तिथे अंदाजाने भरायचं नाही असं ठरलं. त्या ओळींसमोर 'ऐकू येत नाही' एवढंच लिहिलं आहे. ज्या नोंदी आठ-दहा दिवसांच्या आत हाती घेतल्या, त्यांत अशा जागा फार थोड्या निघाल्या. म्हणून लिहून काढायची नोंद निवडताना तो आता त्याच आठवड्यातली घेतो, मागच्या महिन्यातली कितीही चांगली वाटली तरी.

एक फाइल आम्ही अजून उघडलेली नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मावशीला डोळ्यांच्या तपासणीसाठी बाणेरला सोडायचं होतं, म्हणून ती दादाबरोबर गाडीत होती. मुद्रण सवयीने सुरू झालं होतं आणि ते चालू आहे हे तिला माहीत नव्हतं. दादाच्या आठवणीप्रमाणे ती बावधनपासून पाषाणपर्यंत काकांबद्दल बोलत होती, इतकं ती डिसेंबरनंतर बोलली नव्हती. त्याला ते उतरवायचं आहे, आणि मलाही ते ऐकायचं आहे. पण ती रोजनिशी त्याची आहे आणि बोलणं तिचं. फाइलचं नाव त्याने '2024-09-25 आई' एवढंच ठेवलं आहे. दिवाळीत मी तिकडे जाणार आहे, तेव्हा आम्ही दोघं मिळून तिला विचारणार आहोत.